चा, ची, चे : नाशिकमध्ये नव्याने मराठी शिकणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त सातपूर-अंबडला किंवा लग्न होऊन नाशिकला आलेल्या अमराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न विचारला जातो. पुरुष 'मी लखनौचा' असे उत्तर देतो आणि स्त्री 'मी लखनौची' असे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण त्यांतून एक चुकीचा निष्कर्ष मनात बसतो. बोलणारा पुरुष असेल तर 'चा' आणि स्त्री असेल तर 'ची' लावायचा, असे शिकणाऱ्याला वाटू लागते. मग बँकेत खाते उघडायला गेलेली स्त्री 'माझी नाव' म्हणते आणि पुरुष 'माझा गाडी बाहेर आहे' म्हणतो.

चूक कुठे झाली, ते त्याच वाक्यात पाहता येते. 'मी लखनौची' या वाक्यात लखनौ हे मालकाच्या जागी आहे आणि बोलणारी स्त्री ही त्या गावाशी संबंध असलेली, म्हणजे 'ज्याच्याविषयी सांगायचे' त्या जागी आहे. म्हणून 'ची' तिच्याकडे पाहून आला. 'माझे नाव' म्हणताना मात्र बोलणारी व्यक्ती मालकाच्या जागी गेली आणि नाव हे मालकीच्या वस्तूच्या जागी आले. मराठीत नाव नपुंसकलिंगी आहे, म्हणून स्त्री बोलो की पुरुष, शब्द 'माझे' हाच राहतो. या प्रत्ययांना व्याकरणात षष्ठीचे प्रत्यय म्हणतात. ते मालकाला चिकटवून लिहायचे असले, तरी त्यांचे रूप मालकीच्या वस्तूवरून ठरते.

पहिली पायरी : शब्दाचे दोन भाग वेगळे करा

'गोदावरीचा घाट', 'गोदावरीची आरती' आणि 'गोदावरीचे पाणी' हे तीन शब्दप्रयोग शेजारी शेजारी लिहून पाहा. तिन्हींत मालक एकच आहे आणि गोदावरी हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हे कोणीही सांगेल. तरीही प्रत्यय तीन वेळा बदलला, कारण घाट पुल्लिंगी, आरती स्त्रीलिंगी आणि पाणी नपुंसकलिंगी आहे. गोदावरीच्या स्त्रीलिंगाचा प्रत्ययावर कोणताही परिणाम झालेला नाही. 'गोदावरी' एवढा भाग मालकाचा आणि त्यापुढचे अक्षर वस्तूचे, अशी उभी रेघ शब्दात मारायची सवय लावून घेतली की पुढचे पुष्कळ काम हलके होते.

मालकाच्या भागातही बदल होतो, पण त्याचे कारण वेगळे असते. प्रत्यय लागण्यापूर्वी नाम आपले सामान्यरूप घेते: मुलगा याचे 'मुलाचा', बाग याचे 'बागेचा', शेतकरी याचे 'शेतकऱ्याचा' आणि अनेक शेतकरी असतील तर 'शेतकऱ्यांचा'. गावांच्या नावांत नाशिक, निफाड, ओझर तशीच राहतात, पण येवला याचे 'येवल्याचा' आणि सटाणा याचे 'सटाण्याचा' होते. एक बारकावा नाशिकमध्ये रोज ऐकू येतो. गावाविषयी बोलताना 'त्र्यंबकेश्वरचा रस्ता' म्हणतात आणि देवाविषयी बोलताना 'त्र्यंबकेश्वराचे दर्शन' म्हणतात. हा सगळा बदल रेघेच्या अलीकडचा आहे. तो प्रत्ययाच्या निवडीत मिसळू देऊ नये.

सर्वनामांत मात्र रेघेच्या दोन्ही बाजू बारकाईने पाहाव्या लागतात. हिंदीत 'उसका' या शब्दावरून मालक पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही, तर मराठीत ते कळते. 'त्याचा भाऊ' आणि 'तिचा भाऊ' यांत मालक बदलला म्हणून रेघेच्या अलीकडचा भाग बदलला, पण भाऊ दोन्हीकडे पुल्लिंगी असल्यामुळे 'चा' कायम राहिला. 'त्याची बहीण' आणि 'तिची बहीण' यांतही तसेच होते. हिंदी बोलणारा माणूस 'उसकी बहन' मनात धरून 'तिची बहीण' म्हणतो आणि बहीण कोणा पुरुषाची असेल तर ऐकणाऱ्याला मालकच बदललेला दिसतो. 'ति' हा भाग मालकिणीसाठी आणि 'ची' हा भाग बहिणीसाठी आहे. दोन प्रश्नांची दोन उत्तरे एकाच शब्दात आली आहेत, आणि एका उत्तरावरून दुसरे काढता येत नाही. आदर दाखवायचा असेल तर दोघांसाठीही 'त्यांचा, त्यांची, त्यांचे' येते आणि मालकाचे लिंग पुन्हा झाकले जाते.

दुसरी पायरी : वस्तूपुढे 'तो, ती, ते' लावून पाहा

पुष्कळ शिकवण्यांत सुरुवातीलाच सहा घरांचा तक्ता पाठ करायला देतात. माझ्या मते तो तक्ता बाजूला ठेवावा, कारण तोच तक्ता शिकणाऱ्याला दुसऱ्या रूपात आधीच येत असतो. दर्शक सर्वनाम आणि षष्ठीचा प्रत्यय यांची रूपे जोडीने बदलतात:

तो घाट – गोदावरीचा घाट
ती आरती – गोदावरीची आरती
ते पात्र – गोदावरीचे पात्र
ते घाट (अनेक) – गोदावरीचे घाट
त्या आरत्या – गोदावरीच्या आरत्या
ती पात्रे – भांड्यांच्या दुकानातली तांब्याची पात्रे

म्हणजे 'तो' असेल तर 'चा', 'ती' असेल तर 'ची', 'ते' असेल तर 'चे' आणि 'त्या' असेल तर 'च्या'. एकवचन कोणते आणि अनेकवचन कोणते याचा वेगळा विचारही करावा लागत नाही. 'माझा, माझी, माझे, माझ्या' आणि 'आपला, आपली, आपले, आपल्या' यांनाही हीच जुळणी लागू पडते. नवीन नाम ऐकले की ते एकटे न लिहिता 'तो रस्ता', 'ती गल्ली', 'ते दुकान' असे लिहून ठेवावे. 'रस्ता' एवढेच लिहून ठेवलेली वही चा-ची-चे निवडताना काहीच मदत करत नाही.

बोलण्यात नपुंसकलिंगी एकवचनाचा 'चे' बहुधा 'चं' असा उच्चारला जातो: 'गोदावरीचं पाणी', 'माझं नाव'. पुल्लिंगी अनेकवचन मात्र बोलण्यातही 'गोदावरीचे घाट' असेच राहते. त्यामुळे जे दोन 'चे' औपचारिक लेखनात सारखे दिसतात, ते कानाला वेगळे ऐकू येतात. भाजीवाली 'याचं' म्हणाली की 'याचे', इकडे लक्ष दिले तर तिच्या मनात एक नपुंसकलिंगी वस्तू आहे की अनेक पुल्लिंगी, हे कळते.

तो की ती, हे कुठून ठरवायचे?

खरी अडचण इथे आहे. हिंदीत दोनच लिंगे आहेत आणि मराठीत तीन. गुजराती माणसाला हा भाग सोपा जातो, कारण त्याच्या भाषेतही तीन लिंगे आहेत. तमिळ किंवा बंगाली माणूस पाटी कोरी घेऊन येतो आणि म्हणून निदान चुकीची सवय सोबत आणत नाही. हिंदी बोलणाऱ्याला मात्र शब्द ओळखीचा वाटतो आणि तो त्याचे हिंदी लिंगही बरोबर घेऊन येतो.

'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'ते पुस्तक', म्हणून 'माझे पुस्तक'. 'दुकान' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत 'ते दुकान', म्हणून 'मामाचे दुकान'. 'नाक' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत 'ते नाक'. 'आवाज' हिंदीत स्त्रीलिंगी आणि मराठीत 'तो आवाज', म्हणून 'तिचा आवाज'. चहाचेही तसेच: हिंदीत 'मेरी चाय', मराठीत 'माझा चहा'. घर, काम, पाणी, दूध, दही आणि मंदिर हे हिंदीतले पुल्लिंगी शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत, म्हणून 'त्याचा घर' न म्हणता 'त्याचे घर' म्हणावे. हे थोडे शब्द सुटे पाठ केले तरी रोजच्या बोलण्यातल्या कितीतरी चुका टळतात, कारण रोजचे बोलणे नाव, घर, काम, पाणी आणि चहा यांच्याच भोवती फिरत असते.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही मराठीने लिंग दिले आहे. ती बस, ती बँक, ती कंपनी आणि ती शिफ्ट, पण तो फोन, तो फॉर्म आणि ते ऑफिस, ते बिल, ते टेबल. त्यामुळे 'कंपनीची बस' आणि 'कंपनीचे ऑफिस' असे म्हणावे लागते. काही शब्दांबाबत मराठी माणसांचेही एकमत नाही. 'तो पेन' आणि 'ते पेन' अशी दोन्ही रूपे ऐकू येतात, आणि अशा ठिकाणी कोणी दुरुस्त केले तर वाद घालण्यात अर्थ नाही.

'वेळ' हा शब्द अर्थानुसार लिंग बदलतो. घड्याळातली नेमकी घटका सांगायची असेल तर 'ती वेळ', म्हणून निमाणीच्या स्थानकावर 'बसची वेळ काय?' असे विचारायचे. खर्च होणारा कालावधी म्हणायचा असेल तर 'तो वेळ', म्हणून 'तुमचा वेळ घेतला' असे म्हणायचे. शंका आली तर शब्दकोशात नामापुढे छापलेली पु., स्त्री. किंवा न. ही खूण पाहावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे शेजारच्या आजींना 'तो की ती?' असे सरळ विचारावे.

अनेकवचनात फसवणारी रूपे

बाजारात 'नाशिकची द्राक्षे' अशी पाटी दिसली की नवशिक्याला द्राक्षे स्त्रीलिंगी वाटतात. 'ची' म्हणजे स्त्रीलिंग, अशी गाठ त्याने बांधलेली असते. वस्तुतः एक असेल तेव्हा 'ते द्राक्ष' आणि पुष्कळ असतील तेव्हा 'ती द्राक्षे', म्हणजे शब्द नपुंसकलिंगी आहे आणि 'ची' हा त्याच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. याच्या शेजारी 'लासलगावचे कांदे' ठेवून पाहा. कांदा पुल्लिंगी, म्हणून 'ते कांदे' आणि 'चे'. आणि 'येवल्याच्या पैठण्या' पाहा. एक पैठणी 'ती', तर अनेक पैठण्या 'त्या', म्हणून 'च्या'. ही तीन उदाहरणे नाशिक जिल्ह्यातल्या कोणाच्याही तोंडी असतात, आणि तिन्ही अनेकवचने त्यांत येऊन जातात. म्हणून 'ची' दिसला की लगेच लिंग ठरवू नये. वस्तू एक आहे की अनेक, हे आधी पाहावे.

आदरामुळेही अनेकवचन येते आणि हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा घरात अधिक भेटते. वडील एकच असतात, पण 'ते वडील', म्हणून 'माझे वडील'. 'माझा वडील' असे कोणी म्हणत नाही. 'तिचे सासरे', 'आमचे सर' आणि 'त्याचे काका आले' ही रूपे याच कारणाने आली. स्त्रीविषयी आदर दाखवताना 'त्या' येते, म्हणून 'तिच्या सासूबाई' आणि 'आमच्या बाई'. आई मात्र बहुतेक घरांत 'ती' असते आणि 'माझी आई' असेच म्हणतात. शेजारणीच्या सासूबाईंना 'तुमची सासू' म्हटले तर व्याकरण चुकत नाही, पण चहाच्या कपाबरोबर गारवाही येतो. तिथे 'तुमच्या सासूबाई' हेच म्हणावे.

तिसरी पायरी : वस्तूला पुढे काही चिकटले आहे का?

आतापर्यंत वस्तू मोकळी होती. तिला 'ला', 'ने', 'त', 'हून' असा प्रत्यय किंवा 'वर', 'समोर', 'मागे', 'साठी' असे शब्दयोगी अव्यय लागले की तिन्ही लिंगे आणि दोन्ही वचने सोडून एकच रूप येते, आणि ते म्हणजे 'च्या'. 'गोदावरीचा काठ' पण 'गोदावरीच्या काठावर', 'आजीची खोली' पण 'आजीच्या खोलीत', 'मामाचे दुकान' पण 'मामाच्या दुकानासमोर'. दुसऱ्या पायरीतली जुळणी इथेही साथ देते: 'तो काठ' पण 'त्या काठावर', 'ती खोली' पण 'त्या खोलीत', 'ते दुकान' पण 'त्या दुकानासमोर'. 'त्या' आला की 'च्या'.

काही वेळा वस्तूला चिकटलेला प्रत्यय पटकन दिसत नाही. 'मामाच्या घरी', 'आत्याच्या गावी' आणि 'दिवाळीच्या दिवशी' यांतील घरी, गावी आणि दिवशी ही सप्तमीची रूपे आहेत. म्हणून 'मामाचे घरी' किंवा 'दिवाळीचा दिवशी' असे म्हणता येत नाही. उलट 'रमेशचा फोन दे' या वाक्यात फोन कर्म असूनही त्याला 'ला' लागलेला नाही, म्हणून 'चा' तसाच राहतो. 'रमेशच्या मुलाला बोलाव' यात मात्र 'ला' आहे आणि म्हणून 'च्या' आला. दोन्ही वाक्यांत मालक रमेशच आहे. फरक वस्तूच्या शेवटी आहे.

साखळी झाली की हीच पायरी पुन्हा पुन्हा लावायची. 'रमेश – बहीण – घर – पत्ता' हे चार शब्द जोडायचे असतील तर शेवटून सुरुवात करावी. पत्ता मोकळा आहे, तो पुल्लिंगी आहे, म्हणून 'घराचा पत्ता'. आता घराला 'चा' लागला, म्हणजे घर मोकळे राहिले नाही, म्हणून त्याच्या अलीकडे 'बहिणीच्या'. बहिणीलाही 'च्या' लागला, म्हणून 'रमेशच्या'. पूर्ण रूप 'रमेशच्या बहिणीच्या घराचा पत्ता' असे झाले. साखळी कितीही लांब असली तरी लिंग-वचन पाहावे लागते ते फक्त शेवटच्या जोडीत. मधल्या सगळ्या जागी डोळे मिटून 'च्या' लावावा. साखळीच्या शेवटच्या शब्दालाही काही लागले, उदाहरणार्थ 'पत्त्यावर' झाले, तर शेवटचा 'चा'ही 'च्या' होतो: 'रमेशच्या बहिणीच्या घराच्या पत्त्यावर'.

एक उतारा दुरुस्त करून पाहू

हिंदी भाषक शिकणारा सहज लिहील असा मजकूर घेऊ:

'माझी घरमालकीणची नवरा सिन्नरची आहे. त्याची दुकान शालिमारला आहे. त्याची दुकानची समोर माझी बस थांबते. काल तिची सासूने मला नाशिकचे द्राक्षे दिले.'

पहिल्या वाक्यात लिहिणारा पुरुष आहे की स्त्री, याला महत्त्व नाही. 'नवरा' हा शेवटचा मोकळा शब्द आहे आणि घरमालकीणबाईंच्या यजमानांविषयी आदराने बोलायचे आहे, म्हणून 'नवरा' याऐवजी 'यजमान', आणि 'ते यजमान' म्हणून 'चे'. घरमालकीणबाई या शब्दाला 'चे' लागले, म्हणजे तो साखळीत अडकला, म्हणून त्याच्या अलीकडे 'माझ्या'. यजमान सिन्नरशी संबंधित आहेत, म्हणजे 'मी लखनौची' या वाक्यासारखीच ही रचना आहे, म्हणून प्रत्यय यजमानांकडे पाहून 'सिन्नरचे'. वाक्य झाले: 'माझ्या घरमालकीणबाईंचे यजमान सिन्नरचे आहेत.' आदरामुळे 'आहे' याचे 'आहेत' झाले, हेही लक्षात घ्यावे.

दुसऱ्या वाक्यात 'ते दुकान' म्हणून 'त्यांचे दुकान शालिमारला आहे'. तिसऱ्या वाक्यात दुकानाला 'समोर' चिकटले, म्हणून 'त्यांच्या दुकानासमोर'. 'दुकानची समोर' असे दोन तुकडे करण्याची गरज नाही, कारण शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला थेट जोडता येते. त्याच वाक्यातील 'माझी बस' बरोबर आहे, कारण 'ती बस' आणि तिला पुढे काही लागलेले नाही.

चौथ्या वाक्यात दोन अडचणी आहेत. सासूबाईंना 'नी' लागणार, म्हणून अलीकडे 'च्या'. पण 'त्यांच्या सासूबाईंनी' लिहिले तर यजमानांच्या सासूबाई की घरमालकीणबाईंच्या, हे कळणार नाही, कारण आदरार्थी 'त्यांच्या' मालकाचे लिंग झाकतो. अशा वेळी सर्वनाम सोडून नाम लिहावे: 'काल घरमालकीणबाईंच्या सासूबाईंनी मला नाशिकची द्राक्षे दिली.' द्राक्षे 'ती', म्हणून 'नाशिकची'. मूळ वाक्यातले 'दिले' हे 'दिली' झाले, कारण या रचनेत क्रियापदही द्राक्षांकडे पाहते. लिहून झाल्यावर पडताळणीसाठी याचा उपयोग करता येतो: प्रत्यय 'ची' आणि त्याच वस्तूचे क्रियापद 'दिले', असे दिसले तर दोहोंपैकी एक नक्की चुकले आहे. अशा वेळी वस्तूपुढे पुन्हा 'तो, ती, ते' लावून पाहावे.